कवडसा काय सांगतो?

एकदा मी विद्यार्थ्यांना घरातील एका प्रसंगाचे वर्णन लिहावयास सांगितले. अट एकच होती : ऋतूचे व वेळेचे नाव घ्यावयाचे नाही. एकाने लिहिले, “फार उकडत होते. सगळे घामाघूम झाले होते.” नाव टळले खरे, परंतु असा उकाडा आश्विनातही होतो, आणि रात्रीही होतो. मग वाचकाने ओळखावे कसे?

आम्ही त्याच्याच कौलारू घराकडे वळलो. फुटक्या कौलातून येणारा कवडसा तुम्ही पाहिला असेल. सकाळी सूर्य पूर्वेस असल्यामुळे तो पश्चिमेकडे पडतो, आणि दिवस चढेल तसा पूर्वेकडे सरकतो. एवढ्याने वेळ कळते. ऋतूही त्यातच लपलेला आहे. मे महिन्याच्या मध्यास पुण्याच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा कवडसा भोकाच्या थेट खाली, वाटोळा पडतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्या वेळी छप्पर दहा फूट उंच असेल, तर भर दुपारीही कवडसा सुमारे नऊ फूट उत्तरेस जातो आणि अंड्यासारखा लांबट होतो.

मग त्या मुलाने पुन्हा लिहिले : “कौलाच्या भोकाखालीच आजीची चटई होती. तिच्यावर रुपयाएवढा वाटोळा कवडसा उतरला होता. माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास येत होता. सगळी पाखरे गप्प होती. एकटा तांबट मात्र टुक् टुक् करीत होता.”

तांबट हा तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा ओरडणारा हिरवा पक्षी. भर उन्हात इतर पाखरे सावलीत निमूट बसतात, तरी याचे ठोके चालूच असतात. “पाखरे किलबिलत होती” या वाक्याने असे काहीच सांगितले नसते, कारण ती बारा महिने किलबिलतात.

पुढे त्याने हौसेने “अंगणातून प्राजक्ताचा सुगंध आला” असे जोडले, आणि सारे बिघडले! प्राजक्त पावसाळ्यात व त्यानंतर बहरतो. सायंकाळी उमलतो आणि पहाटे गळतो. एका वासाने वाचक दुसऱ्याच महिन्यात जाऊन पडला. वाक्य सुंदर होते, म्हणून ते खोडताना त्याला वाईट वाटले. मलाही वाटले.

परीक्षेसाठी त्याने उतारा शेजारच्या वर्गातील मित्राला दिला आणि विचारले, “महिना कोणता? वाजले किती?” मित्र म्हणाला, “वैशाख असावा. आणि तुझी आजी जेवण आटोपून आडवी होण्याच्या बेतात आहे!” आजीच्या जेवणाविषयी तर उताऱ्यात एक अक्षरही नव्हते.