मानपाड्याकडे वारा वळतो तो असा

मे महिन्यात मानपाड्यात, मग तो घोडबंदर रोडवरचा असो की डोंबिवलीचा, दुपार कलली की पश्चिमेकडून वारा सुटतो. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी समुद्रावरची हवा येते. रात्री जमीन निवली की वारा पडतो. हा खारा वारा. मोसमी वारा म्हणजे याचंच मोठं रूप, असं एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडलं आणि शाळेत अजून बहुधा तेच सांगतात.

पण जूनमध्ये उत्तर भारत तापलेला असतो, हवेचा जास्त दाब असतो तो दूर दक्षिणेला, मादागास्करच्या पूर्वेकडच्या समुद्रावर. मग वारा सरळ दक्षिणेकडून न येता नैर्ऋत्येकडून का यावा?

विषुववृत्तावरची जमीन पृथ्वीबरोबर पूर्वेकडे ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने फिरते. मानपाडा १९.२ अंश उत्तरेला. इथलं वर्तुळ लहान, म्हणून वेग १५८० च्या आसपास. तिकडून निघालेली हवा आपला वेग घेऊनच येते, म्हणजे इथल्या जमिनीपेक्षा नव्वदेक किलोमीटरने पुढे, पूर्वेकडे धावते. जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये याच धर्तीवर विचार केला होता, पण तो अपुरा होता. गिरकी घेणाऱ्या नर्तकीने हात जवळ घेतले की ती जास्त जोरात फिरते, तशी अक्षाजवळ सरकणारी हवा आणखी वेग घेते. फरक नव्वदचा एकशेनव्वदच्या घरात जातो. प्रत्यक्षात एवढं वादळ होत नाही, कारण घर्षण आणि दाबातला फरक वाऱ्याला आवरतात. वळण मात्र उरतंच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ते डावीकडे, उत्तरेला उजवीकडे. म्हणून तिकडचा आग्नेय वारा सोमालियाजवळून वळत नैर्ऋत्य होऊन आपल्याकडे येतो.

खारा वारा फारसा वळत नाही, कारण त्याला तेवढा वेळच मिळत नाही. मानपाड्याच्या अक्षांशावर मोकळ्या हवेला पूर्ण फेरा घ्यायला साधारण ३६ तास लागतात. खारा वारा काही तासांत विरतो. मोसमी वारा दिवसेंदिवस वाटचाल करत असतो.

हॅलींच्या कल्पनेतली खरी अडचण पुण्यात जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी नेमकी दाखवली. जमिनीच्या तापण्यावरच सगळं अवलंबून असेल, तर जास्त तापलेल्या वर्षी पाऊस जास्त हवा. दुष्काळी वर्षांत तर जमीन अधिक तापलेली असते! इथेही जुलैतली जमीन मेपेक्षा थंड असते, तरी वारा जोरात. त्यांच्या मते मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकणं. एकदा पाऊस लागला की वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता उंचावरची हवा तापवते आणि वारा ओढत राहते. जमिनीचं तापणं सुरुवात करून देतं, एवढंच.

पहिला पाऊस पडला की मोसमी की वळवाचा, यावर वाद होतो. ढग कुठून येतात ते बघावं. वळवाचे ढग बहुतेकदा दुपारनंतर सह्याद्रीवर, मलंगगडाच्याही पलीकडे जमतात आणि गडगडत पूर्वेकडून येतात. मोसमी ढग समुद्राकडून येतात, कधी रात्री, कधी पहाटे, आणि क्वचितच गडगडतात.