एकच चेहरा, तीन प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की आम्हा पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याची लगबग सुरू होते. पूर्वी त्यासाठी बँकेत खेटे घालावे लागत. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून हा दाखला घरबसल्या मिळू लागला. गेल्या वर्षी आमच्या धाराशिवच्या घरी मी उन्हाकडे पाठ करून बसलो, तर काही केल्या चेहरा जुळेना. उजेडाकडे तोंड केले आणि काम झाले. पण नातवाचे तेवढ्यावर समाधान कुठले! त्याने वय आणि मनःस्थिती सांगणारा एक खेळ उघडला. चष्म्यासह माझे वय ७३ आले, चष्मा काढल्यावर ६४. शिवाय दुसऱ्या वेळी निदान झाले, ‘राग’. मला पडदा दिसत नव्हता म्हणून मी डोळे बारीक केले होते, इतकेच.

कागदावर माझे वय ६७ आहे. जन्मतारीख १ जून, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी नेमून दिलेली. माझ्या पिढीतल्या अनेकांची तीच आहे.

दोन्ही वेळी कॅमेऱ्याने चेहराच पाहिला, पण कामे अगदी वेगळी. बँकेत आम्ही चेकवरची सही नमुना-कार्डावरच्या सहीशी ताडून पाहत असू. दाखल्याचे यंत्र तेच करते. आधारसाठी काढलेला फोटो आणि समोरचा चेहरा एकाच माणसाचा आहे का, एवढाच त्याचा प्रश्न. ते चुकते, पण चूक पकडता येते, कारण ताडून पाहायला मूळ नमुना असतो.

वय सांगणाऱ्या यंत्राजवळ माझा नमुना नसतो. मी कोण, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. वय माहीत असलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून ते सुरकुत्या, त्वचा, जबड्याची ठेवण शिकलेले असते आणि त्यावरून एक आकडा काढते. सहीच्या वळणावरून खातेदाराचे वय ओळखावे, तसा हा प्रकार. शिकताना दिलेली वयेच १ जूनसारखी असतील, तर धडाही तितकाच कच्चा.

अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ मध्ये अशा सहा प्रणाली तपासल्या. व्हिसाच्या फोटोंवर सर्वांत चांगल्या प्रणालीची सरासरी चूक ३.१ वर्षे निघाली. दहा वर्षांपूर्वी ती ४.३ होती. स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत चूक जवळजवळ नेहमीच जास्त आढळली. आता सोळा वर्षांची मुलगी घ्या. यंत्राने तिला एकोणीस म्हटले, तर सरासरीच्या हिशेबाने ते फारसे चुकले नाही. पण अठराची अट मात्र मोडली. म्हणून जाणकार अडवण्याची रेघ अठरावर न ओढता पंचविसाच्या आसपास ओढतात. त्याखाली दिसणाऱ्याला कागद मागायचा. मग बावीस वर्षांच्या बाईलाही कागद दाखवावा लागतो. ही त्या सावधगिरीची किंमत. आपल्या कायद्यातही मूल अल्पवयीन आहे का हे ठरवताना आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला, आणि तो नसेल तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीतही इकडे-तिकडे दोन वर्षांची चूक न्यायालयाने १९८२ मध्येच गृहीत धरली आहे.

वयाच्या अंदाजाला निदान कुठेतरी खरी तारीख असते. भावनेला तीही नसते. यंत्राला शिकवताना कुणीतरी फोटो पाहून ‘हा रागावलेला’ अशी चिठ्ठी लावलेली असते. फोटोतल्या माणसाला बहुधा कुणी विचारलेलेच नसते. २०१९ मध्ये पाच शास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक अभ्यास चाळले, तेव्हा रागाच्या वेळी कपाळाला आठ्या पडण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्के भरले. एरवी माणूस रागात गप्प बसतो, हसतोही. आणि आठ्या तर नुसता विचार करतानाही पडतात.

हे वाचताना मला १९९३ चा ऑक्टोबर आठवला. ३० सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपानंतर सास्तूर, लोहारा भागातली माणसे आमच्या टेबलाशी येत. पासबुके मातीखाली गेलेली. एक शेतकरी, सोबत भावाचा मुलगा. शेतकऱ्याची ओळख पटली, कारण नमुन्याची सही जुळली आणि गावातल्या दोघांनी साक्ष दिली. मुलाला चुलता चौदा वर्षांचा म्हणत होता, मला तो अकराचा वाटला. सज्ञान होईपर्यंत खात्याला पालक हवा, म्हणून वय महत्त्वाचे होते. मी माझा अंदाज बाजूला ठेवला आणि शाळेच्या नोंदीची नक्कल येईपर्यंत रकाना रिकामा सोडला.

चुलत्याचा चेहरा मात्र कोरा होता. मृतांची नावे त्याने बाजाराची यादी सांगावी तशी सांगितली. चौथ्या नावाशी किंचित हसलाही. माझ्या शेजारचा सहकारी नंतर हळूच म्हणाला, “याला काहीच वाटलेलं दिसत नाही.” मी काही बोललो नाही. अर्ज पुढे सरकवला, तेव्हा चुलत्याला पेन धरता येईना. अंगठा चालेल का, असे त्याने विचारले.