एलईडी लागतो, रिले ओढत नाही

गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं सर्किट हा हौशी मंडळींचा आवडता उद्योग. आर्डुइनो उनोच्या एका पिनवरून ट्रान्झिस्टर, ट्रान्झिस्टरवरून रिले आणि रिलेवरून पंपाचा कॉन्टॅक्टर, अशी साखळी असते. आधी रिलेच्या जागी एक एलईडी लावून प्रोग्रॅम तपासतात. एलईडी वेळेवर लागतो, वेळेवर विझतो. मग एलईडी काढून तिथे पाच व्होल्टचा रिले बसवला, की तो कधी टक्क आवाज करून ओढतो, कधी नुसताच थरथरतो. संशय प्रोग्रॅमवर जातो, मग रिलेवर, मग पॉवर सप्लायवर. पुष्कळदा दोष असतो तो ट्रान्झिस्टरच्या बेसला लावलेल्या दहा किलोओहमच्या रेझिस्टरचा.

आकडे मांडले की हे उघड होतं. मुळात ट्रान्झिस्टर लागतो कशाला? उनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह निर्धास्त घेता येतो. पाच व्होल्टच्या नेहमीच्या छोट्या चौकोनी रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची असते, म्हणजे तिला ७१ मिलिअँपिअर लागतात. पिनला ते झेपत नाही. म्हणून मध्ये बीसी ५४७ बसवायचा. कॉइलचं एक टोक पाच व्होल्टला, दुसरं कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला, आणि पिन व बेस यांच्यामध्ये रेझिस्टर. पिनने बेसमध्ये थोडा प्रवाह सोडला की कलेक्टरमधून त्याच्या कित्येक पट प्रवाह वाहू शकतो. हे ‘कित्येक पट’ म्हणजे ट्रान्झिस्टरचा गेन, आणि सगळा घोळ इथेच होतो.

बीसी ५४७ चा गेन एकच नसतो. माहितीपत्रकात तो ११० ते ८०० असा दिलेला असतो. ए, बी आणि सी या गटांत त्याची वाटणी असते, पण पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे ट्रान्झिस्टर आणले तर पुडीत कुठल्या गटाचा नग येईल ते अक्षर वाचल्याशिवाय कळत नाही. शिवाय हा गेन २ मिलिअँपिअरला मोजलेला असतो. प्रवाह वाढत शंभराच्या जवळ गेला की तो घसरतो.

आता दहा किलोओहमचा हिशेब. पिनवर ५ व्होल्ट, बेस आणि एमिटर यांच्यात ०.७ जातात, उरले ४.३. भागिले दहा हजार, म्हणजे बेसला मिळाले ०.४३ मिलिअँपिअर. हाती आलेल्या नगाचा गेन ११० असेल तर कलेक्टरमधून जास्तीत जास्त ४७ मिलिअँपिअर जातील. एलईडीला हवे होते २०, त्यामुळे तो झळझळीत लागला. रिलेला हवे होते ७१, तिथे कमी पडलं. ४७ मिलिअँपिअरमध्ये कॉइलवर येतात फक्त ३.३ व्होल्ट आणि उरलेले १.७ ट्रान्झिस्टरवरच अडकतात. असा रिले ओढण्याची खात्री माहितीपत्रक देतं ती साधारण ७५ टक्के व्होल्टेजला, म्हणजे पावणेचार व्होल्टला. तेवढं पोचतच नाही. शेजारच्या नगाचा गेन ३०० असेल तर हेच सर्किट व्यवस्थित चालतं, आणि म्हणूनच माणूस दिवसभर चकतो. थंडीत गेन कमी होतो, तेव्हा दुपारी चाललेलं सर्किट पहाटे अडू शकतं.

स्विच म्हणून वापरताना ट्रान्झिस्टर गेनच्या भरवशावर ठेवायचाच नाही. बेसला इतका भरपूर प्रवाह द्यायचा, की किती प्रवाह जाणार ते ट्रान्झिस्टरने नव्हे तर कॉइलने ठरवावं. या पूर्ण उघडलेल्या अवस्थेला सॅच्युरेशन म्हणतात. तेव्हा कलेक्टर आणि एमिटर यांच्यात व्होल्टचा एखाद-दुसरा दशांशच उरतो. माहितीपत्रकात सॅच्युरेशनचं व्होल्टेज जिथे दिलेलं असतं तिथली अट वाचावी: कलेक्टर १०० मिलिअँपिअर, बेस ५ मिलिअँपिअर. म्हणजे गेन कितीही मोठा छापलेला असो, सॅच्युरेशनची हमी देताना उत्पादक स्वतः वीसच धरतो. मी दहा धरतो. बेसला थोडा जास्त प्रवाह गेल्याने रिलेचं काहीच बिघडत नाही.

मग ७१ मिलिअँपिअरसाठी बेसला ७.१ हवेत. इतक्या प्रवाहाला बेस-एमिटरमध्ये ०.८ व्होल्ट धरावेत. उरले ४.२. त्याला ७.१ मिलिअँपिअरने भागलं की सुमारे ५९० ओहम येतात. त्याच्या खालची सहज मिळणारी किंमत ५६०: हिरवा, निळा, तपकिरी पट्टा. नेहमी खालची किंमत घ्यायची, वरची नाही. ५६० ओहमला ७.५ मिलिअँपिअर जातात. भाराखाली पिनचं व्होल्टेज किंचित उतरून ४.८ झालं तरी ७.१ राहतातच. पाव वॉटचा रेझिस्टर पुरेसा होतो.

खात्री करायला मल्टिमीटर पुरतो. रिले चालू असताना कलेक्टर आणि एमिटर यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.१ ते ०.३ दिसलं तर ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला आहे. एक-दीड व्होल्ट दिसलं तर रिले ओढलेला असला तरी सर्किट गेनच्या मेहेरबानीवर चाललं आहे. ही चाचणी एलईडी लावून घेऊ नये, कारण एलईडीला लागतं थोडं आणि तो अर्धवट उघडलेल्या ट्रान्झिस्टरवरही प्रकाश देतो. तपासायचं ते प्रत्यक्ष भार लावूनच.

रेझिस्टर कमी करण्यालाही मर्यादा आहे. तो १०० ओहम केला तर पिनकडे चाळीसेक मिलिअँपिअर मागितले जातात, आणि ही उनोच्या पिनची कमाल सहनमर्यादा आहे. कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७, पट्ट्याची बाजू पाच व्होल्टकडे करून लावायलाच हवा. रिले सुटताना कॉइलमधून उसळणारं व्होल्टेज बीसी ५४७ च्या ४५ व्होल्टच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातं. बेसपासून ग्राउंडला दहा किलोओहम लावावा, म्हणजे बोर्ड सुरू होताना पिन अधांतरी असतो तेव्हा पंप भलत्याच वेळी चालू होत नाही. दहा किलोओहमची योग्य जागा ही.

ईएसपी ८२६६ सारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डवर हिशेब तोच, फक्त ३.३ मधून ०.८ वजा करून २.५ उरतात आणि ३३० ओहम येतात. त्यातून साडेसात मिलिअँपिअर जातात. त्या पिनची मर्यादा १२ आहे, म्हणजे निभावतं. पण बीसी ५४७ ची स्वतःची मर्यादा १०० मिलिअँपिअर असल्याने एकाच नगावर दोन रिले कधीच लावू नयेत. चार-सहा रिले चालवायचे तर यूएलएन २००३ ही चिप सोयीची. तिच्यात बेसचे रेझिस्टर आतच असतात, पण जोड-ट्रान्झिस्टर असल्याने तिच्यावर जवळपास एक व्होल्ट जातो. पाच व्होल्टच्या रिलेला चारच मिळतात आणि पावणेचारची रेघ अगदी जवळ येते. तिच्याबरोबर बारा व्होल्टचा रिले घ्यावा: ४०० ओहमची कॉइल, ३० मिलिअँपिअर, आणि एक व्होल्ट गेल्यावरही अकरा उरतात, ओढायला नऊ लागतात.