‘हे कर’ एवढंच लिहिलेली आकृती

वहीच्या पानाचा फोटो येतो आणि खाली दोनच शब्द असतात, ‘हे कर’. प्रश्न वाक्यात लिहिलेला नसला तरी रसायनशास्त्राच्या आकृतीत तो बहुतेक वेळा दडलेला असतो. रचनेच्या उजवीकडे बाण आणि बाणापुढे मोकळी जागा असेल, तर काय तयार होतं ते विचारलेलं आहे. एकटीच रचना असेल तर नाव हवं आहे. दोन रचना शेजारी काढून मध्ये प्रश्नचिन्ह असेल, तर त्यांचं एकमेकींशी नातं काय हा प्रश्न आहे. ‘नेमकं काय करू?’ असं उलट विचारण्याआधी निदान बाण तरी शोधावा.

बारावीच्या अभ्यासातलं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. कागदावर चार टोकांची नागमोडी रेघ आहे. डावीकडच्या दुसऱ्या टोकातून एक छोटी रेघ खाली आली आहे, तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. त्याच टोकातून दुसरी रेघ वर गेली आहे आणि तिच्यापुढे Br आहे. मग बाण, बाणावर KOH आणि त्याच्या आधी घाईत खरडलेली दोन-तीन अक्षरं. बाणाच्या पुढे रिकामी जागा.

रेघांच्या या पद्धतीत कार्बन लिहीत नाहीत. रेघ जिथे वळते आणि जिथे संपते, तिथे एकेक कार्बन धरायचा. नागमोडी रेघेचे चार आणि खाली आलेल्या रेघेचा एक, असे पाच कार्बन झाले. वरच्या रेघेच्या टोकाला Br आहे, म्हणून तिथे कार्बन नाही. हायड्रोजनही दाखवत नाहीत. प्रत्येक कार्बनचे चार बंध पुरे होईपर्यंत ते मनात जोडायचे. दुसऱ्या कार्बनला चारही बाजूंनी रेघा आहेत, म्हणून त्याच्याकडे एकही हायड्रोजन नाही. तिसऱ्याकडे दोन, आणि तीन टोकांच्या कार्बनांकडे प्रत्येकी तीन. बेरीज अकरा. सूत्र C₅H₁₁Br, नाव २-ब्रोमो-२-मेथिलब्युटेन.

हाताने काढलेल्या आकृतीत चूक होते ती इथेच. पेन उचलताना शेवटच्या रेघेला बारीकसं शेपूट फुटतं आणि ते एक जादा वळण वाटतं. मग कार्बन सहा होतात आणि पुढचं सगळं उत्तर बदलतं. यावर उपाय साधा आहे. या पद्धतीत रेघा साधारण सारख्या लांबीच्या काढतात, त्यामुळे बाकीच्या रेघांच्या पाव लांबीचा तुकडा असेल तर तो पेनाचा दोष समजावा. उलट, दोन रेघांमधला कोपरा गोल झाला तर एक कार्बन हरवतो. मोजणी झाल्यावर एखाद्या कार्बनला पाच बंध निघाले, तर आकृती चुकीची वाचली आहे किंवा काढणाऱ्यानेच चुकीची काढली आहे. दोन्ही वेळा तिथेच थांबलेलं बरं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र रेघांत नसतो, बाणावरच्या त्या दोन-तीन अक्षरांत असतो. ती alc. आहेत की aq.? पहिलं म्हणजे अल्कोहोलमधलं KOH, दुसरं म्हणजे पाण्यातलं. परीक्षेच्या हिशेबात पहिल्याने रेणूतून हायड्रोजन आणि ब्रोमीन निघून जातात आणि द्विबंध तयार होतो. दुसऱ्याने ब्रोमीनच्या जागी OH बसून अल्कोहोल मिळतं. एका अक्षराने उत्तर पार फिरतं. अक्षर पुसट असेल तर उभी दांडी पाहावी. l ची दांडी ओळीच्या वर जाते, q ची खाली उतरते. बाणाखाली उष्णतेचा त्रिकोण असेल तर कौल बहुधा alc. कडे जातो. बाणापुढे दोन उत्तरांसाठी जागा सोडून एकाखाली ‘मुख्य’ असं लिहिलेलं असेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

या पानावर दांडी वर गेलेली आहे, म्हणून alc. धरू. ब्रोमीन दुसऱ्या कार्बनवर आहे, तेव्हा हायड्रोजन त्याच्या शेजारच्या कार्बनवरूनच जाणार. शेजारी तीन आहेत. डावीकडचं टोक आणि खालचं टोक सारखेच, दोघांवर मिळून सहा हायड्रोजन. उजवीकडे तिसरा कार्बन, त्यावर दोनच. टोकाचा हायड्रोजन गेला तर २-मेथिलब्युट-१-ईन बनतं, तिसऱ्यावरचा गेला तर २-मेथिलब्युट-२-ईन. नुसत्या संख्येवर जायचं तर पहिलं तिप्पट मिळायला हवं. होतं उलटंच. सोडियम इथॉक्साइड वापरून ही अभिक्रिया केली, तर दुसरं साधारण ७० टक्के आणि पहिलं साधारण ३० टक्के मिळतं. ज्या द्विबंधाभोवती कार्बनचे गट जास्त, तो जास्त स्थिर. २-ईनमध्ये असे तीन गट आहेत, १-ईनमध्ये दोन. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र झाइत्सेव यांनी १८७५ मध्ये मांडलेला, आपल्याकडे क्लासमध्ये ‘सायत्झेफ’ म्हणून घोकला जाणारा नियम तो हाच.

उत्तर तपासायला फार वेळ लागत नाही. C₅H₁₁Br मधून HBr वजा केलं की C₅H₁₀ उरतं. काढलेल्या उत्तरातही पाच कार्बन आणि दहा हायड्रोजन भरतात ना, एवढं मोजायचं. द्विबंध आला की त्याच्या दोन बाजूंची मांडणी सिस की ट्रान्स, असा प्रश्न अनेकांना पडतो. इथे तो लागू नाही, कारण द्विबंधाच्या एका कार्बनवर दोन्ही गट मेथिलच आहेत. त्यांची अदलाबदल केली तरी रेणू तोच राहतो.

वाकडे बाण काढून दाखवायचे असतील तर तीन पुरतात. पहिला OH⁻ पासून तिसऱ्या कार्बनवरच्या हायड्रोजनकडे, दुसरा त्या कार्बन-हायड्रोजन बंधापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनच्या मधल्या जागेत, तिसरा कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. बाण इलेक्ट्रॉन जिथून निघतात तिथून सुरू होतो. हायड्रोजनच्या अक्षरापासून बाण काढणं ही उत्तरपत्रिकेतली नेहमीची चूक आहे.

पुस्तकी उत्तराची मर्यादाही ध्यानात असलेली बरी. ब्रोमीन इथे तीन कार्बन जोडलेल्या कार्बनवर बसला आहे. अशा रेणूत पाण्यातलं KOH घेतलं तरी बाटलीत नुसतं अल्कोहोल मिळत नाही, द्विबंधाचे पदार्थही बऱ्यापैकी तयार होतात. आणि KOH ऐवजी पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइडसारखा अंगाने मोठा आम्लारी घेतला, तर तो गर्दीतल्या हायड्रोजनपर्यंत सहज पोहोचत नाही, टोकाचा हायड्रोजन उचलतो आणि मुख्य पदार्थ १-ईन होतो. म्हणून बाणावर KOH च आहे, त्याच्या पुढे आणखी काही नाही, हे एकदा नीट पाहून घ्यावं.

उत्तर पाठवताना पहिल्या ओळीत आकृती कशी वाचली ते यावं: ‘पाच कार्बन, दुसऱ्यावर Br आणि CH₃, बाणावर alc. KOH असं धरलं आहे.’ मग मुख्य पदार्थाची आकृती, नाव आणि कारणाचं एक वाक्य. शेवटी: ‘ते aq. असेल तर उत्तर २-मेथिलब्युटान-२-ऑल.’ एवढं लिहिलं की पाठवणाऱ्याला स्वतःच्याच वहीतलं अक्षर बघून कुठलं उत्तर आपलं ते ठरवता येतं, दुसरा निरोप पाठवावा लागत नाही.