एकाच तासाच्या तीन वह्या

वर्गात सर मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलून जातात. हाताने लिहिण्याचा वेग मात्र पंचवीस शब्दांच्या आसपास. म्हणजे नोट्स काढताना बरंचसं सोडावं लागणारच, आणि काय सोडायचं हे पद्धत ठरवते.

सरावासाठी हा उतारा मित्राला नेहमीच्या वेगाने वाचायला सांगा आणि ऐकता ऐकता टिपा:

‘कोकणातला जांभा आणि देशावरची काळी माती, दोन्हींचं मूळ बेसाल्टच. कोकणात पाऊस भरपूर, त्यामुळे खडकातली सिलिका आणि चुना वाहून जातो. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात, म्हणून रंग लाल. देशावर पाऊस कमी. तिथे चुना टिकतो आणि फुगणारी चिकणमाती तयार होते. उन्हाळ्यात ती आकसून भेगा पडतात.’

मुद्दे-उपमुद्दे पद्धतीत ‘जांभा’ आणि ‘काळी माती’ ही दोन शीर्षकं, खाली आत सरकवून तपशील. काम झटपट होतं. पण सर मध्येच मागच्या मुद्द्यावर परतले, की तिथे जागा उरलेली नसते आणि बाणांचं जाळं सुरू होतं.

तक्त्यात दोन ओळी आणि पाच रकाने: मूळ खडक, पाऊस, काय गेलं, काय उरलं, खूण. भरून बघा. काळ्या मातीच्या ओळीत ‘काय गेलं’ हा रकाना रिकामाच राहतो, कारण सरांनी ते सांगितलंच नाही. विचारायचा प्रश्न आयता मिळाला! मात्र पावसामुळे रंग का बदलला, ही साखळी चौकटींत तुटते.

कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेल्या पद्धतीत उजवीकडे रुंद जागेत ‘जास्त पाऊस → सिलिका, चुना गेला → लोह उरलं → लाल’ असं टिपायचं. डावीकडची अरुंद पट्टी तासाला कोरीच. तास संपल्यावर तिथे प्रश्न लिहायचा: ‘एकाच खडकापासून दोन माती कशा?’ पानाच्या तळाशी दोन ओळींचा सारांश. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून उत्तर द्यायचं. या पद्धतीची खरी ताकद इथे आहे. डावी पट्टी कोरीच ठेवणाऱ्यांनी नुसती समासाची रेघ आखली, इतकंच.

लॅपटॉपचं काय? 2014मध्ये मुलर आणि ओपेनहायमर यांच्या प्रयोगांत संकल्पनांच्या प्रश्नांवर हाताने लिहिणारे सरस ठरले. 2021च्या पुनर्प्रयोगात टंकणारे शब्दशः जास्त उतरवतात हे पुन्हा दिसलं, पण गुणांत ठळक फरक आढळला नाही.

माझं मत विचाराल तर विषयापेक्षा तासाची घडण बघावी. तुलना असेल तर तक्ता, कारणमीमांसा असेल तर कॉर्नेल, सर क्रमवार शिकवत असतील तर मुद्दे. गणिताच्या सिद्धतेला यांतलं काहीच नीट बसत नाही. तिथे फळ्यावरची प्रत्येक पायरी उतरवावी आणि शेजारी ती का घेतली ते लिहावं.