साडेअकरा ते बाराच्या गोळ्या

दुपारी 12 वाजता कॉम्प्रेशन विभागातल्या ऑपरेटरने 20 गोळ्या वजनकाट्यावर टाकल्या. सरासरी निघाली 602 मिलिग्रॅम. हवी होती 580, आणि कारखान्याने स्वतःसाठी ठरवलेली मर्यादा 563 ते 597. मशीन थांबवलं गेलं. आता प्रश्न एकच: वाया किती गेलं? उत्तर शेजारच्या फायलीत होतं.

प्रसंग कल्पित आहे. पण अंबरनाथ किंवा तारापूरच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या युनिटात तो घडू शकतो. ती फाईल म्हणजे बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड, कारखान्याच्या बोलीत बीएमआर. प्रत्येक औषधाची एक मूळ कृती मंजूर झालेली असते. तिची प्रत क्यूए विभाग शिक्का मारून, बॅच नंबर टाकून उत्पादनाला देतो. पानांना क्रमांक असतात. एखादं पान खराब झालं म्हणून मनानेच दुसरं झेरॉक्स करून लावता येत नाही. ते खराब पानही फायलीतच राहतं.

आपली बॅच पॅरासिटॅमॉल 500 मिलिग्रॅमच्या एक लाख गोळ्यांची. हिशेब सोपा वाटतो: 50 किलो पॅरासिटॅमॉल. पण क्यूसीच्या अहवालात कोरड्या मालाची शुद्धता 99.2 टक्के आणि ओलावा 0.3 टक्के असेल, तर तोलायचे सुमारे 50.56 किलो. वाढलेले साडेपाचशे ग्रॅम फिलरमधून कमी करायचे, म्हणजे बॅचचं एकूण वजन 58 किलोच राहतं. हे गणित बीएमआरमध्ये मांडून एकाने करायचं आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायचं. प्रत्येक घटकापुढे ए.आर. नंबर, म्हणजे प्रयोगशाळेने तो लॉट तपासून मंजूर केल्याचा क्रमांक लिहावा लागतो. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. त्या रकान्यामागे खरी तपासणी नसेल, तर काय होतं ते तिथे दिसलं.

पुन्हा मशीनकडे. 27 स्टेशनांचं रोटरी मशीन मिनिटाला 20 फेरे घेत असेल, तर मिनिटाला 540 गोळ्या पडतात, अर्ध्या तासात 16,200. बीएमआरमध्ये दर अर्ध्या तासाला एक ओळ असते: वेळ, 20 गोळ्यांची सरासरी, कडकपणा, जाडी, केलं कोणी, तपासलं कोणी. 11 वाजता सरासरी 582 होती, साडेअकराला 588. दोन्ही मर्यादेत; तरी आकडा वर सरकतोय हे नजरेला यायला हवं होतं. बाराला 602. शोध घेतल्यावर वजन ठरवणाऱ्या नॉबचं लॉक ढिलं निघालं.

साडेअकराच्या ओळीवर दोन सह्या असल्याने तोवरच्या गोळ्या सुरक्षित. संशयित ठरल्या त्यानंतरच्या 16,200. अर्थात, त्या वेगळ्या काढता आल्या तरच! दर तपासणीनंतर ड्रम बदलून त्यावर नंबर आणि वेळ लिहिली असेल तर एक ड्रम बाजूला जातो. सगळ्या गोळ्या एकाच ड्रममध्ये पडत असतील, तर फायलीतली ओळ कितीही सुंदर असो, सगळी बॅच अडकते. अनेक छोट्या फॉरमॅटमध्ये ड्रम क्रमांकाचा रकानाच नसतो, आणि ही उणीव नेमकी अशाच दिवशी लक्षात येते.

फार सुंदर ओळींकडे मुरलेला तपासनीस संशयानेच बघतो. दिवसभर सरासरी 580, 580, 581. वेळा मिनिटागणिक नेमक्या. अख्ख्या पानाला एकच पेन, एकसारखं अक्षर. असं पान बहुधा संध्याकाळी बसून भरलेलं असतं. वजनकाट्याच्या छापील पट्टीवर 12.07 आणि फायलीत 12.00, किंवा एकाच वेळी एकाच माणसाची सही ग्रॅन्युलेशन आणि पॅकिंग दोन्हीकडे, एवढं पुरतं. आठ-दहा माणसांच्या युनिटात हा मोह मोठा असतो, कारण तपासणारा माणूस खरोखरच दोन ठिकाणी हवा असतो. त्यावर उपाय सहीचा नाही, माणूस वाढवण्याचा किंवा कामाच्या वेळा बदलण्याचा आहे. चुकलेला आकडा मात्र बिनधास्त चुकलेलाच दिसू द्यावा: वाचता येईल अशी एक आडवी रेघ, शेजारी योग्य आकडा, कारण, सही, तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही.

शेवटी हिशेब. नाकारलेल्या गोळ्या 16,200, चांगल्या 81,600, सेटिंग आणि नमुन्यांत गेलेल्या 900. बेरीज 98,700. उरलेल्या 1,300 गोळ्यांएवढी, सुमारे पाऊण किलो, पावडर धूळ होऊन गेली. उत्पन्न नेहमीपेक्षा खूप कमी म्हणून डेव्हिएशन लिहावं लागतं. पण माल गेला कुठे ते कळतं. एकूण एक लाखाच्या वर निघाली असती तर प्रकरण जास्त गंभीर होतं, कारण मग कुठेतरी वजन चुकलेलं असतं, गोळ्या हलक्या निघालेल्या असतात किंवा दुसरा माल मिसळलेला असतो.

हे सगळं वाचून, डेव्हिएशनचं कारण आणि दुरुस्ती जोडून, क्यूए अखेरची सही करतो. ती होईपर्यंत उरलेल्या 81,600 गोळ्या पॅक झालेल्या असल्या तरी गोदामात क्वारंटाइनमध्येच थांबतात.