शंकेखोराला कायमचं उत्तर

x वाढत गेला की 1/x शून्याकडे जातो, हे अकरावी-बारावीत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते इतकं उघड वाटतं की यात सिद्ध काय करायचं, असं मनात येतं. पण ‘शून्याच्या जवळजवळ जातो’ या शब्दांना जरा टोचून पाहा. x जेव्हा १० असतो, तेव्हा 1/x आणि उणे एक यांच्यातलं अंतर १.१ असतं. x ला १०० केलं की ते १.०१ होतं, १००० केलं की १.००१. म्हणजे 1/x उणे एकच्याही जवळजवळ जातोय! प्रत्येक पावलाला अंतर घटतंय, एकदाही वाढत नाही. मग सीमा शून्यच का? उणे एकने काय घोडं मारलंय?

या प्रश्नाला उत्तर देण्याइतकी नेमकी भाषा गणिताला बरीच उशिरा मिळाली. न्यूटन आणि लाइबनित्स यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं, ते चाललंही झकास. पण ‘अतिसूक्ष्म’ म्हणजे नेमकं किती, यावर १७३४ मध्ये बिशप बर्कलीने चांगलीच खिल्ली उडवली. पुढे १८२१ मध्ये कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकातल्या एका सिद्धतेत ε हे अक्षर घेतलं, ‘हवी तेवढी लहान संख्या’ या अर्थाने. x एका पुरेशा मोठ्या संख्येच्या पुढे गेला की फरक ε पेक्षा कमी राहतो, अशी ती मांडणी होती. त्या मोठ्या संख्येला त्याने h म्हटलं होतं. आज आपण N म्हणतो. नंतर बर्लिनमध्ये वायरश्ट्रासने ही पद्धत इतकी काटेकोर केली की तीच सगळीकडे रूढ झाली.

कल्पना अशी. समोर एक शंकेखोर बसलाय. तो म्हणतो, ‘शून्यापासून ०.००१ पेक्षा कमी अंतर हवं, आणि एकदा तेवढं झालं की परत कधी सुटता कामा नये.’ ही त्याची ε. तुम्ही एक N सांगायचा: ‘१००० च्या पुढचा कुठलाही x घे.’ तो १००१ घेईल, नाहीतर साडेसात कोटी. 1/x दरवेळी ०.००१ च्या आत सापडेल. मग तो ε आणखी लहान करतो, एकावर वीस शून्यांचा छेद देतो. तुम्ही N म्हणून एकावर वीस शून्यं सांगता. हे असं किती वेळ चालायचं? शंका संपणार नाहीत. म्हणून एकेका शंकेला उत्तर देत बसण्याऐवजी, कोणतीही ε आली तरी उत्तर तयार करून देणारी कृती त्याच्या हाती द्यायची.

ती कृती शोधायची उलट्या दिशेने. हवंय काय, तर 1/x < ε. x धन आहे, म्हणून दोन्ही बाजूंना त्याने गुणलं तरी असमानतेची दिशा बदलत नाही: 1 < εx. आता ε ने भागू: x > 1/ε. म्हणजे N = 1/ε घ्यावा. हे झालं कच्चं काम. पक्की सिद्धता सुलट लिहायची: ε ही कोणतीही धन संख्या असू दे. N = 1/ε घेऊ. x > N असेल, तर दोन धन संख्यांचे व्यस्त घेतल्यावर लहान-मोठेपणा उलटतो, म्हणून 0 < 1/x < 1/N = ε. संपलं.

मला यातली सगळ्यात नवलाची गोष्ट ही वाटते की या सिद्धतेत ‘अनंत’ हा शब्द कुठेच येत नाही. ε साधी संख्या, N साधी संख्या, x साधी संख्या. कुणीही कुठेही अनंताला पोचत नाही.

आता उणे एकची परीक्षा घेऊ. शंकेखोर ε = 1 मागतो. 1/x आणि −1 यांच्यातलं अंतर 1 + 1/x, आणि ते प्रत्येक धन x साठी १ पेक्षा जास्तच. कुठलाही N चालणार नाही. उणे एक पहिल्याच शंकेत गारद.

एक गोष्ट मात्र निसटू द्यायची नाही: ε आधी, N नंतर. सगळ्या ε ना पुरून उरेल असा एकच N कुणी देऊ म्हणेल, तर शंकेखोर x = N + 1 घेईल. तिथे 1/x लहान असला तरी शून्य नाही. त्याचीच निम्मी किंमत ε म्हणून मागितली की तो N कोसळला. उलट N सगळ्यात लहान असण्याची मात्र सक्ती नाही. 1/ε च्या जागी 1/ε + 500 सांगितला तरी सिद्धतेला काडीचा धक्का लागत नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण खरी गंमत पुढे आहे. x च्या जागी फक्त 1, 2, 3 अशा नैसर्गिक संख्या n घ्या. 1/n शून्याकडे जातो हे दाखवायला 1/ε च्या पुढची एखादी नैसर्गिक संख्या लागते. ती असतेच, याची हमी कोण देतो? या हमीला आर्किमिडीजचा गुणधर्म म्हणतात. त्याने ‘गोल आणि दंडगोल’ या ग्रंथात असंच एक विधान सिद्ध न करता गृहीत धरलं होतं.

ही हमी नसलेली संख्यांची जगंही आहेत. t या अक्षरातल्या बहुपदींचे भागाकार घ्या, आणि t पुरेसा मोठा झाल्यावर ज्याची किंमत जास्त ठरेल त्याला मोठा म्हणा. बेरीज, गुणाकार, भागाकार, तुलना सगळं सुरळीत चालतं. पण इथे t हा कोटीपेक्षा मोठा, अब्जापेक्षाही मोठा, प्रत्येक नैसर्गिक संख्येपेक्षा मोठा. त्यामुळे 1/t धन असूनही प्रत्येक 1/n पेक्षा लहान! शंकेखोराने ε = 1/t मागितली की 1/n वाली क्रमिका हरते; ती या जगात शून्याकडे जातच नाही. x ला मात्र या जगातली कुठलीही संख्या होऊ दिलं, तर आपली जुनी सिद्धता अक्षरही न बदलता चालते: N = 1/ε = t, आणि त्यापुढे t + 1 आहेच.

आपल्या वास्तव संख्यांत ती हमी मिळते, कारण तिथे वरून रोखलेल्या, रिकाम्या नसलेल्या प्रत्येक संचाला सगळ्यात खालची अशी एक वरची मर्यादा असते. समजा नैसर्गिक संख्या कुठेतरी अडतात, आणि त्यांची अशी सर्वांत लहान वरची मर्यादा s आहे. मग s − 1 ही मर्यादा नव्हे, म्हणजे तिच्यापुढे एखादा n असलाच पाहिजे. पण n > s − 1 याचा अर्थ n + 1 > s, आणि n + 1 ही तर नैसर्गिक संख्याच. t च्या जगात हा युक्तिवाद पहिल्याच पायरीला अडतो: तिथे t ही वरची मर्यादा आहे, t − 1 सुद्धा, आणि t/2 सुद्धा, सगळ्यात खालची अशी कुठलीच नाही.